पंखा, रस्ता आणि बोलणे : ध्वनिमुद्रणातील गोंगाट कसा काढावा

माइकला बोलणे आणि पंखा यांतला फरक कळत नाही. हवेच्या दाबातले सगळे चढउतार त्याच्या पडद्यावर एकत्र आदळतात आणि त्यांची बेरीज आकड्यांच्या एकाच ओळीत उतरते. मुद्रण ४८,००० हर्ट्झचे असेल तर अशा आकड्यांची संख्या दर सेकंदाला ४८,००० असते. त्यातल्या कोणत्या आकड्यात माणसाचा आवाज किती आणि पंख्याची घरघर किती, याची नोंद फाइलमध्ये कुठेही नसते. त्यामुळे मुद्रणानंतर गोंगाट काढणारे प्रत्येक साधन मुळात अंदाज बांधत असते. अंदाज कशाच्या आधारे बांधला जातो हे लक्षात आले की कोणता आवाज निघेल, कोणता निघणार नाही आणि काढताना बोलण्याचे काय नुकसान होईल, हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते.

घरगुती मुद्रणात नेहमी सापडणाऱ्या तीन गोंगाटांची प्रकृती एकमेकांपेक्षा फार वेगळी आहे. पंख्याची घरघर बरीचशी स्थिर असते आणि तिचा मोठा भाग खालच्या, म्हणजे जाड आवाजाच्या पट्ट्यात असतो. जुन्या कॅसेटच्या रिकाम्या भागात ऐकू येई तो ‘स्स्स’ असा आवाज, म्हणजेच हिस, हाही स्थिर असतो. मात्र तो सगळ्या पट्ट्यांत थोडाथोडा पसरलेला असतो आणि बारीक आवाजांच्या बाजूला जास्त जाणवतो. रहदारीचा गोंगाट यांपैकी कशातच बसत नाही. बस लांबून येते, जवळून जाते आणि दूर होते. मध्येच एखादी दुचाकी सुरू होते, हॉर्न वाजतो. क्षणापूर्वीच्या गोंगाटावरून पुढच्या क्षणाचा गोंगाट सांगता येत नाही, आणि नेमक्या याच कारणाने तो काढायला सर्वांत अवघड असतो.

पंख्याची घरघर हा एकच आवाज नाही. भारतात घरगुती वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. मोटारीतले चुंबकीय बल वीजप्रवाहाच्या दोन्ही अर्धचक्रांत एकेकदा शिगेला पोहोचते, म्हणून छताच्या पंख्याची मोटार ५० च्या दुपटीने, म्हणजे १०० हर्ट्झला गुणगुणते आणि तिच्या पटीतले वरचे सूरही थोडेफार काढते. रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक, गोल फिरणारा असेल तर तो विजेची लाट मध्येच कापतो. त्यामुळे पंखा मंद केल्यावर हवा कमी होते, पण गुणगुण मात्र वाढू शकते. टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या, कपॅसिटरवर चालणाऱ्या रेग्युलेटरमध्ये हा दोष नसतो. गुणगुणीशिवाय पात्यांनी कापलेल्या हवेचा ‘हूऽऽ’ असा पसरट आवाज असतो. वाऱ्याचा झोत थेट फोनवर येत असेल तर माइकवर थडथड बसणारे अनियमित धक्केही असतात. पहिले दोन आवाज मुद्रणानंतर काढता येतात. झोताचे धक्के मात्र क्वचितच नीट निघतात, कारण ते स्थिर नसतात आणि जोराचे असतील तर माइकची मर्यादा ओलांडून बोलण्याची लाटच कापून टाकतात.

हिस बहुतेकदा उपकरणातूनच येते. माइकच्या आणि त्यापुढच्या ॲम्प्लिफायरच्या इलेक्ट्रॉनिक भागांत उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची अखंड हालचाल चालू असते आणि तिचा क्षीण आवाज कधीच शून्य होत नाही. बोलणारा माणूस लांब बसला की त्याचा आवाज दुबळा पोहोचतो, तो मोठा करावा लागतो आणि त्याच्याबरोबर ही हिसही मोठी होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबेलने खाली जातो, म्हणजे लाटेची उंची निम्मी होते. फोन बोलणाऱ्यापासून दोन मीटरवर ठेवण्याऐवजी अर्ध्या मीटरवर ठेवला तर सुमारे १२ डेसिबेल मिळतात, आणि तेही बोलण्याला कसलाही धक्का न लावता. पुढे वर्णन केलेल्या साधनांपैकी एकही इतके निखळ १२ डेसिबेल मिळवून देऊ शकत नाही.

स्थिर गोंगाट काढण्याच्या पद्धतीचा पाया जुना आहे. १९७९ मध्ये युटा विद्यापीठातील स्टीव्हन बॉल यांनी बोलण्याच्या मुद्रणातून गोंगाटाचा वर्णपट वजा करण्याची पद्धत मांडली. बोलण्यातल्या विरामांत ऐकू येतो तो निव्वळ गोंगाट. तो कोणत्या पट्ट्यात किती आहे हे मोजायचे आणि बोलणे चालू असताना प्रत्येक पट्ट्यातून तेवढा भाग कमी करायचा, ही त्यामागची कल्पना. आजची साधने तिचीच सुधारलेली रूपे वापरतात. त्यांत सर्वांत प्रचलित आहे ऑडॅसिटी. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेले आणि २००० साली सर्वांसाठी खुले झालेले हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही ठिकाणी मोफत चालते.

ऑडॅसिटीचे `Noise Reduction` मुद्रणाचे छोटे छोटे तुकडे पाडते. नेहमीच्या मांडणीत एका तुकड्यात २,०४८ आकडे असतात, म्हणजे साधारण एका सेकंदाचा बाविसावा भाग. प्रत्येक तुकड्याचे वारंवारतेनुसार हजारभर अरुंद पट्टे केले जातात. एकेका पट्ट्याची रुंदी २० ते २५ हर्ट्झच्या आसपास असते. ही जणू हजार छोट्या दारांची रांग आहे. प्रत्येक दाराला आपल्या पट्ट्यातला गोंगाट किती असतो हे नमुन्यावरून शिकवलेले असते. येणारा आवाज त्या पातळीपेक्षा बराच मोठा असेल तर दार उघडे राहते, नाहीतर ठरवून दिलेल्या डेसिबेलांइतके अर्धवट मिटते. यातली मर्यादा उघड आहे. दार उघडे असताना बोलण्याबरोबर त्या पट्ट्यातला गोंगाटही आत येतो. तो वेगळा काढला जात नाही. बोलण्याच्या मोठ्या आवाजाखाली तो झाकला जातो, म्हणून कानाला जाणवत नाही, इतकेच. ही पद्धत गोंगाट खरोखर काढते ती शब्दांच्या मधल्या जागेत आणि बोलण्याने रिकाम्या ठेवलेल्या पट्ट्यांत.

एक नेहमीचे उदाहरण घेतले तर सगळी प्रक्रिया स्पष्ट होते. समजा, रस्त्यालगतच्या घरात एका निवृत्त शिक्षिकेची तीस मिनिटांची मुलाखत फोनवर मुद्रित केली आहे. वर छताचा पंखा चालू आहे, खिडकी अर्धी उघडी आहे आणि फोन समोरच्या टीपॉयवर आहे. बोलण्याची शिखरे उणे १२ डेसिबेलच्या आसपास पोहोचतात आणि ती थांबते तेव्हाचा गोंगाट उणे ३८ ला असतो. दोहोंमधले अंतर २६ डेसिबेल भरते. शब्द कळायला ते पुरेसे आहे, पण हेडफोन लावून तीस मिनिटे ऐकायला त्रासदायक. हे अंतर १० डेसिबेलच्या आत असते तर वजाबाकीच्या पद्धतीकडून फारशी अपेक्षा ठेवता आली नसती.

पहिली काळजी फाइल मिळवण्यातच घ्यावी लागते. मेसेजिंग ॲपमधून ऑडिओ किंवा व्हॉइस नोट म्हणून पाठवलेला आवाज वाटेत पुन्हा दाबला जाण्याची शक्यता असते. अशा दाबणीत बारीक तपशील गाळले जातात आणि हिसच्या जागी पाण्यासारखी खुळखुळ येते. ती पुढे कशानेही जात नाही. म्हणून मूळ फाइल केबलने घ्यावी किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवावी. फोनची फाइल बहुधा एम४ए प्रकारची असते. ती उघडायला ऑडॅसिटीला एफएफएमपेग या मोफत साधनाची जोड लागू शकते. तेच साधन स्वतंत्रपणे वापरून फाइलचे न दाबलेल्या वेव्ह प्रकारात रूपांतर करता येते :

```
ffmpeg -i mulakhat.m4a -ac 1 -ar 48000 mulakhat.wav
```

यातला `-ac 1` दोन वाहिन्यांची एक करतो. बोलण्याला एक वाहिनी पुरते आणि पुढची कामे हलकी होतात.

फाइल उघडल्यावर लगेच काही काढायला जाऊ नये. आधी ट्रॅकचे दृश्य `Spectrogram` करून पाहावे. त्यात आडवा अक्ष वेळेचा, उभा वारंवारतेचा आणि रंगाची तीव्रता आवाजाच्या जोराची असते. पंख्याची गुणगुण तळाशी सरळ आडव्या रेघांनी दिसते. हिस म्हणजे सगळीकडे पसरलेली फिकट धूळ. जाणारी बस तळाच्या भागात फुगून पुन्हा ओसरणाऱ्या ढगासारखी असते, तर हॉर्न म्हणजे एकावर एक रचलेल्या आखूड रेघांची शिडी. बोलण्यातल्या स्वरांच्याही अशा रेघा असतात, पण त्या लवचिक असतात, बोलण्याच्या चढउताराबरोबर वळतात. हे चित्र पाच मिनिटे पाहिले तर कोणत्या गोंगाटावर कोणते साधन चालेल हे बहुतेक ठरून जाते. नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात आणि म्हणून चुकीच्या साधनाशी तासन्तास झटत बसतात.

काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी खालचा भाग कापावा, कारण तिथे बोलणे जवळपास नसतेच. पुरुषांच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ हर्ट्झपासून पुढे आणि स्त्रियांचा सुमारे १६५ पासून पुढे असतो. बसची घरघर, पंख्याच्या आणि टीपॉयच्या थरथरीचा जाड भाग, फोनला लागलेले धक्के यांचा मोठा हिस्सा त्याखाली असतो. शिक्षिकेच्या मुलाखतीवर `High-Pass Filter` १०० हर्ट्झला आणि `Roll-off` २४ डेसिबेलला लावता येईल. पुरुषाचा आवाज असता तर ७० ते ८० वर थांबणे बरे. एवढ्या एका पायरीने गोंगाट कित्येकदा निम्मा झाल्यासारखा वाटतो आणि बोलण्यात फरक जाणवतही नाही. मिळणारा लाभ आणि होणारे नुकसान यांचे इतके चांगले प्रमाण दुसऱ्या कोणत्याही पायरीत सापडत नाही.

यानंतरही १०० किंवा २०० हर्ट्झची रेघ ठळक दिसत असेल तर `Notch Filter` कामी येतो. तो एकाच वारंवारतेवर अरुंद खाच पाडतो. त्यात आधीपासून भरलेला आकडा ६० असतो, कारण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आहे. आपल्याकडच्या मुद्रणात तो तसाच ठेवला तर गुणगुण जागेवर राहते. रेघ नेमकी कुठे आहे ते `Plot Spectrum` मध्ये पाहून आकडा भरावा आणि `Q` मोठा, म्हणजे १५ ते २० ठेवावा, म्हणजे खाच अरुंद राहील. खाचा एक-दोनच असाव्यात. स्त्रीचा आवाज २०० हर्ट्झवरून सतत येजा करतो; तिथे रुंद खाच पडली तर काही स्वर मध्येच पोकळ वाटू लागतात.

आता नमुन्याची पाळी. ज्या भागात कोणी बोलत नाही, श्वास ऐकू येत नाही, कप वाजत नाही आणि गाडीही जात नाही असा तुकडा शोधायचा. तांत्रिकदृष्ट्या सेकंदाचा छोटासा अंशही चालतो, पण एक ते दोन सेकंदांचा नमुना सरासरी नीट धरतो. तो निवडून `Noise Reduction` उघडायचे आणि `Get Noise Profile` दाबायचे. मग सगळा ट्रॅक निवडून तीच खिडकी पुन्हा उघडायची. नमुना खालचा भाग कापण्यापूर्वी घेतला असेल तर तो आता जुळत नाही, म्हणून गाळणीनंतरच घ्यावा. मुलाखत सुरू होण्याआधी सगळ्यांनी दहा सेकंद गप्प बसून खोलीचा आवाज मुद्रित करून ठेवला असेल तर हा शोध वाचतो. अनुभवी मुद्रक हे न चुकता करतात.

खिडकीत तीन आकडे असतात. `Noise reduction (dB)` म्हणजे मिटलेले दार आवाज किती खाली आणेल ते. ६ म्हणजे लाटेची उंची निम्मी, १२ म्हणजे पाव, २० म्हणजे दहावा भाग. `Sensitivity` म्हणजे नमुन्यापेक्षा किती मोठ्या आवाजालाही गोंगाट समजायचे. हा आकडा वाढवला की शब्दांचे मंद टोक कापले जाऊ लागते. `Frequency smoothing (bands)` शेजारच्या दारांना एकमेकांबरोबर हळूहळू हलायला लावते. बोलण्यासाठी ३ ते ६ ठीक असते. या मुलाखतीत ८, ५ आणि ५ अशी सुरुवात करता येईल. पहिल्या आकड्याचा मोह मोठा असतो. तो २४ वर नेला की विरामांत संपूर्ण शांतता पसरते आणि क्षणभर काम फत्ते झाल्यासारखे वाटते. मग पुढचा शब्द येतो, त्याच्याबरोबर पंखाही उसळून येतो आणि शब्द संपताच दोघेही नाहीसे होतात. ही दर शब्दाला होणारी उघडझाप मूळच्या स्थिर घरघरीपेक्षा कितीतरी जास्त टोचते. कान स्थिर आवाजाकडे दुर्लक्ष करायला लवकर शिकतो, उघडझापीकडे मात्र नाही.

दुसरा दोष बॉल यांच्या पद्धतीइतकाच जुना आहे. गोंगाट कधीच पूर्ण स्थिर नसतो. एखाद्या पट्ट्यात तो क्षणभर नमुन्याच्या वर उसळतो, दार उघडते आणि लगेच मिटते. अशी विखुरलेली दारे उघडत-मिटत राहिली की शांत जागी बारीक सुरांची टिपटिप ऐकू येते, भांड्यातल्या बुडबुड्यांसारखी. अभ्यासक तिला सांगीतिक गोंगाट म्हणतात. ती ऐकू आली तर डेसिबेल कमी करणे आणि स्मूदिंग थोडे वाढवणे हाच मार्ग. एकदाच १२ डेसिबेल काढण्याऐवजी ६-६ चे दोन फेरे आणि दुसऱ्या फेऱ्यापूर्वी नवा नमुना, असे केले तर परिणाम बहुधा सौम्य राहतो.

नुकसान मोजायचे खरे साधन त्याच खिडकीत आहे आणि त्याचा वापर फार कमी लोक करतात. तिथे `Reduce` ऐवजी `Residue` निवडून ऐकले की जे काढून टाकले जाणार आहे तेवढेच ऐकू येते. त्यात फक्त हूऽऽ आणि स्स्स असेल तर सगळे ठीक. त्या कचऱ्यात शब्द ओळखू येऊ लागले तर बोलणेच कापले जात आहे. मग `Sensitivity` एकेका अंशाने खाली आणत पुन्हा ऐकावे. ऐकून झाल्यावर निवड परत `Reduce` वर आणायला विसरू नये, नाहीतर फाइलमध्ये केवळ कचरा उरतो.

मराठी बोलण्यात ही तपासणी विशेष काळजीने करावी लागते. स, श, फ आणि ख-थ-ठ मधला महाप्राण हे भौतिक अर्थाने गोंगाटच आहेत : तोंडातून घासत जाणारी हवा, जिला सूर नसतो आणि जी हिसच्याच वरच्या पट्ट्यांत पसरलेली असते. साधनाच्या दृष्टीने मंद ‘स’ आणि हिस यांत फरक जोराचाच. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यात, वाक्याच्या शेवटी आवाज खाली येतो तिथे, हीच व्यंजने आधी गळतात. ‘खूप’चे ‘कूप’ ऐकू येऊ लागते आणि ‘म्हण’, ‘न्हाण’ यांतला ह विरतो. दंततालव्य च-ज आणि तालव्य च-ज यांतला फरकही मुख्यतः या घासणाऱ्या हवेच्या वारंवारतेवर टिकून असतो. ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, हे संदर्भाशिवाय कळेनासे होते. बोलीचा अभ्यास, लोककथा, आजीच्या जात्यावरच्या आठवणी अशा कामासाठी मुद्रण केले असेल तर थोडी हिस राहू देणे हेच योग्य. उच्चार गेला तर तो परत मिळत नाही.

काही वेळा सगळे नीट करूनही नमुना जुळत नाही. याचे नेहमीचे कारण फोनमध्ये असते. बरीच मुद्रण-ॲप्स आवाजाची पातळी आपोआप सांभाळतात : माणूस बोलतो तेव्हा पातळी खाली, गप्प बसतो तेव्हा हळूहळू वर. त्यामुळे लांबलेल्या विरामात पंखा मोठा होतो आणि शब्द सुरू होताच लहान. मोठ्या झालेल्या पंख्याचा नमुना घेतला तर बोलण्याच्या भागात जरुरीपेक्षा जास्त कापले जाते. लाटेच्या चित्रात विरामातला गोंगाट फुगत जाताना दिसला तर हे ओळखता येते. अशा वेळी नमुना लांब शांततेतून न घेता दोन वाक्यांमधल्या अर्ध्या सेकंदातून घ्यावा. पुढच्या वेळी ॲपच्या सेटिंगमध्ये हा आपोआप बदल बंद करता येतो का ते पाहावे.

इथपर्यंत पंखा आणि हिस आटोक्यात आलेली असतात. रहदारीचा खालचा भाग पहिल्या गाळणीतच गेला. उरते ती टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाची साधारण १,००० हर्ट्झच्या आसपासची सरसर, एंजिनाचे वरचे सूर आणि हॉर्न. हे सगळे बोलण्याच्या पट्ट्यातच आहे आणि सतत बदलते. त्याचा नमुना घेता येत नाही. एका बसचा नमुना दुसऱ्या बसला लागू पडत नाही. इथे वेगळ्या तत्त्वाची साधने लागतात.

त्यांतले सर्वांत हलके आणि मोफत म्हणजे आरएननॉइज. झान-मार्क व्हॅलिन यांनी ते २०१७ मध्ये खुले केले. त्याला गोंगाटाचा नमुना द्यावा लागत नाही. बोलणे आणि नाना तऱ्हेचे गोंगाट यांच्या मिश्रणांवर शिकवलेले एक छोटे न्यूरल नेटवर्क दर १० मिलिसेकंदांना ठरवते की २२ पट्ट्यांपैकी कोणता किती खाली आणायचा. पट्टे मुद्दाम थोडे आणि रुंद ठेवले आहेत, त्यामुळे बुडबुड्यांचा दोष टळतो आणि साध्या संगणकावरही ते थेट चालते. ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरच्या गोंगाट-गाळणीत ते दिलेले आहे. आधीच मुद्रित झालेल्या फाइलवर ते एफएफएमपेगमधून लावता येते. त्यासाठी शिकवलेल्या नेटवर्कची `.rnnn` फाइल वेगळी उतरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवावी लागते :

```
ffmpeg -i mulakhat.wav -af "highpass=f=100,arnndn=m=std.rnnn:mix=0.8" saaf.wav
```

यातला `mix` महत्त्वाचा आहे. १ म्हणजे पूर्ण गाळलेला आवाज, ०.८ म्हणजे पाचवा भाग मूळ आवाज तसाच मिसळलेला. थोडा मूळ आवाज राहिला की शब्दांच्या कडा तुटक होत नाहीत आणि खोली अचानक नाहीशी झाल्याचा भासही होत नाही. मूळ फाइल ४८,००० हर्ट्झची करून घेतली त्याचे कारणही हेच : आरएननॉइज त्या दरासाठीच बनवले आहे. याहून अलीकडचे डीपफिल्टरनेट हेही खुले साधन आहे. जर्मनीतल्या एर्लांगेन-न्यूरेंबर्ग विद्यापीठात ते घडले. रहदारीवर त्याचा निकाल बहुधा जास्त स्वच्छ येतो, मात्र त्याला संगणकाची ताकद अधिक लागते.

या साधनांच्या चुका वजाबाकीच्या चुकांपेक्षा वेगळ्या आणि फसव्या असतात. वजाबाकी बिघडली की ते लगेच ऐकू येते. शिकवलेले नेटवर्क मात्र बस जात असताना दाबला गेलेला शब्द इतक्या सफाईने खाली आणते की तिथे काही बोलले गेले होते याचाच पत्ता लागत नाही. म्हणून मूळ आणि साफ केलेली फाइल ऑडॅसिटीत वरखाली दोन ट्रॅकवर ठेवून, गाड्या गेल्या त्या जागा एकेक करून ताडून पाहाव्यात. शेजारच्या खोलीतले बोलणे किंवा टीव्हीवरच्या बातम्या ही साधने काढत नाहीत, कारण त्यांच्या लेखी तेही बोलणेच असते. उलट मुलाखतीत कोणी ओवी गाऊन दाखवली, टाळ वाजवला, टाळी दिली तर त्यावर ती कात्री चालवू शकतात. लांबवलेला सूर आणि धातूचा नाद बोलण्यासारखा नसतो. असे भाग आधीच कापून वेगळ्या ट्रॅकवर ठेवावेत आणि त्यांना फक्त खालची गाळणी व हलकी वजाबाकी द्यावी.

दोन साधने एकामागून एक लावायची की नाही, हा प्रश्न नेहमी येतो. शिक्षिकेच्या मुलाखतीत रहदारी मोजक्या ठिकाणीच असेल तर नेटवर्कला सगळी फाइल देण्याचे कारण नाही. गाळणी आणि वजाबाकी सगळ्या तीस मिनिटांना, आणि आरएननॉइज फक्त गाड्यांच्या तुकड्यांना, असे केले तर बाकीचे बोलणे नैसर्गिक राहते. रस्ता अखंड वाहता असेल तर मात्र गाळणीनंतर थेट नेटवर्क लावणे बरे. मध्ये जोरदार वजाबाकी केली तर नेटवर्कला आधीच बिघडलेला आवाज मिळतो आणि ते अधिक चुकते.

हॉर्नचे प्रकरण हाताने सोडवावे लागते. तो विरामात वाजला असेल तर तेवढा तुकडा निवडून त्या जागी खोलीच्या शांततेचा तेवढाच तुकडा चिकटवावा. नुसता कापून शून्य केला तर खड्डा पडल्यासारखे वाटते. हॉर्न शब्दावरच बसला असेल तर स्पेक्ट्रोग्रामच्या दृश्यात त्याच्या शिडीतली एकेक रेघ चौकटीत पकडून खाली आणता येते. चार-पाच रेघा उतरवल्या की शब्द पुरेसा वर येतो. सगळ्या रेघा पुसण्याचा हट्ट धरला तर शब्दातले स्वरही त्याच पट्ट्यांतून पुसले जातात.

आवाजाची पातळी वाढवणे हे अगदी शेवटचे काम. `Compressor` किंवा `Loudness Normalization` गोंगाट काढण्याआधी लावले तर मंद भाग वर येतात, त्यांच्याबरोबर पंखाही, आणि नमुन्याचा हिशेब कोलमडतो. शिक्षिकेच्या मुलाखतीत आता विरामातला गोंगाट उणे ५० च्या आसपास आला असेल तर शिखरे उणे ३ डेसिबेलपर्यंत नेली तरी तो उणे ४० च्या आसपास, म्हणजे बोलण्यापासून पुरेसा लांब राहतो. साफ केलेली प्रत वेव्ह प्रकारात ठेवून ऐकण्यासाठी वेगळी एमपी३ काढावी. फोनमधली मूळ फाइल मात्र, हॉर्न-पंख्यासकट, न बदलता जपून ठेवावी आणि कोणत्या पायरीत कोणते आकडे वापरले ते एका साध्या मजकूर-फाइलमध्ये तिच्याशेजारी लिहून ठेवावे.